सहसंबंध ‘सार्थक’ आला, म्हणजे नेमकं काय झालं?



मागच्या महिन्यात पालकसभा संपल्यावर चौथीतल्या एका मुलाची आई थांबली. हातात फोन, आणि त्यावर कुठल्या तरी ग्रुपवरून आलेला एक मेसेज. म्हणाली, “मॅडम, हे वाचा. मोबाईल आणि गुण यांच्यात सार्थक सहसंबंध आहे म्हणे. सिद्धच झालंय. मी कालपासून ह्याचा मोबाईल कपाटात बंद केलाय, रडून रडून झोपला पोरगा.” मी मेसेज वाचला. किती मुलांची माहिती घेतली, गुणांक किती आला, काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त ‘सार्थक’ हा एक शब्द, आणि त्याच्या पुढे तीन उद्गारचिन्हं.

खरं सांगायचं तर डी.एड.ला असताना मीही असंच करायचे. कृती संशोधनात सहसंबंध गुणांक काढायचा, पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडायचा, आपली संख्या तक्त्यातल्या संख्येपेक्षा मोठी असली की ‘सार्थक आहे’ असं लिहायचं आणि फाईल जमा करायची. हा शब्द नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या बोलण्यात ‘कष्टाचं सार्थक झालं’ म्हणजे कष्ट फळाला आले. त्यामुळे ‘सार्थक सहसंबंध’ ऐकलं की मनात येतं, मोठा, पक्का, कामाचा संबंध. संख्याशास्त्रात त्या शब्दात यातलं काहीच नाही. ते कसं, ते आज एक छोटं उदाहरण हाताने सोडवून बघू.

आकडे मीच बनवलेले आहेत, गणित सोपं जावं म्हणून. समजा दहा मुलं आहेत. प्रत्येक मूल रोज सरासरी किती मिनिटं मोबाईल बघतं ते पालकांनी सांगितलं, आणि गणिताच्या २० गुणांच्या चाचणीत त्याला किती गुण मिळाले ते आपल्याकडे आहे. मिनिटांची सरासरी ६० येते, गुणांची १२. प्रत्येक मूल या दोन्ही सरासरींपासून किती दूर आहे ते शेजारी लिहिलं आहे. मिनिटांचा फरक दहाच्या पटीत घेतलाय, म्हणजे −४ चा अर्थ सरासरीपेक्षा ४० मिनिटं कमी.

| मिनिटं | गुण | मिनिटांचा फरक | गुणांचा फरक | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| २० | १५ | −४ | ३ | −१२ |
| ३० | ११ | −३ | −१ | ३ |
| ४० | १६ | −२ | ४ | −८ |
| ५० | १२ | −१ | ० | ० |
| ६० | ९ | ० | −३ | ० |
| ६० | १४ | ० | २ | ० |
| ७० | १३ | १ | १ | १ |
| ८० | ८ | २ | −४ | −८ |
| ९० | १० | ३ | −२ | −६ |
| १०० | १२ | ४ | ० | ० |

शेवटच्या रकान्याची बेरीज −३०. मिनिटांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली तर ६०, गुणांच्या फरकांच्या वर्गांची बेरीजही ६०. गुणाकारांच्या बेरजेला या दोन बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. ६० गुणिले ६० चं वर्गमूळ ६०, म्हणून −३० भागिले ६०, बरोबर −०.५. हा आपला सहसंबंध गुणांक, पुस्तकात ज्याला ‘आर’ म्हणतात तो. उणे चिन्ह सांगतं की मोबाईल जास्त तिथे गुण कमी असा कल आहे. गुणांक −१ आणि +१ च्या मधेच राहतो, त्यामुळे ०.५ म्हणजे कमी नाही.

आता खरा प्रश्न. ही दहाच मुलं आहेत. दुसरी दहा घेतली असती तर दुसरा आकडा आला असता. मग समजा, सगळ्या मुलांचा विचार केला तर मोबाईलचा आणि गुणांचा काडीचाही संबंध नाही, खरा गुणांक शून्य आहे. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. तसं असतानाही निव्वळ योगायोगाने दहा मुलांत ०.५ एवढा आकडा येऊ शकतो का? आणि आला तर किती वेळा?

हे तक्ता न बघता, चिठ्ठ्या घेऊन बघता येतं. दहा मुलांची मिनिटं पाटीवर एका ओळीत लिहा. दहा गुण दहा चिठ्ठ्यांवर लिहा. चिठ्ठ्या डब्यात टाकून चांगल्या हलवा आणि एकेक काढून पाटीवरच्या मिनिटांखाली ठेवत जा. आता कुठल्या मुलाला कुठले गुण मिळाले हे पूर्णपणे चिठ्ठीवर गेलं. मोबाईलचा आणि गुणांचा असलेला-नसलेला संबंध आपण हाताने तोडून टाकला. आता पुन्हा गुणाकारांची बेरीज करा. चिठ्ठ्यांची जागा बदलली तरी वर्गांच्या दोन्ही बेरजा बदलत नाहीत, ६० च राहतात. त्यामुळे दर वेळी अख्खा गुणांक काढायची गरज नाही, शेवटच्या रकान्याची बेरीज ३० किंवा जास्त, किंवा −३० किंवा त्याहून खाली गेली का, एवढंच बघायचं. दोन्ही बाजू का? कारण संबंध कुठल्या दिशेने निघेल हे आपण आधी ठरवलेलं नव्हतं. +०.५ आला असता तरी आपण तितकेच चमकलो असतो.

असं शंभर वेळा केलं तर साधारण १४ वेळा बेरीज ३० ओलांडते. दर वेळी नेमकी १४ नाही, कधी ११, कधी १७, पण त्याच आसपास. म्हणजे काहीही संबंध नसताना, नुसत्या डब्यातल्या चिठ्ठ्यांतून, दर सात वेळांत एकदा आपल्याएवढा किंवा आपल्यापेक्षा मोठा सहसंबंध निघतो. यालाच पी-मूल्य म्हणतात, इथे ०.१४. प्रथेप्रमाणे हे पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असेल, म्हणजे शंभरात पाच वेळांपेक्षा कमी, तरच सार्थक म्हणायचं. आपला −०.५ सार्थक नाही.

ही चिठ्ठ्यांची युक्ती माझी नाही, आणि नवीही नाही. डब्लिनच्या गिनीज दारूभट्टीत विल्यम गॉसेट नावाचा एक रसायनतज्ज्ञ होता. बार्ली आणि बिअरच्या थोड्याशाच नमुन्यांवरून त्याला निर्णय घ्यावे लागत, आणि त्या काळची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ या नावाने लिहिलं. त्याने ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. त्या गटांवर त्याने छोट्या नमुन्याचं वागणं तपासलं. १९०८ साली सरासरीवरचा त्याचा प्रसिद्ध लेख आला आणि त्याच वर्षी सहसंबंधावरचाही. शून्य संबंध कसा दिसतो हे पाहायला त्याने एका गटाची उंची आणि शेजारच्या गटाची बोटं अशा जोड्या लावल्या. अगदी आपल्या चिठ्ठ्यांसारखंच.

त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार आवडते. नमुना चारच जणांचा असेल आणि संबंध शून्य असेल, तर −१ पासून +१ पर्यंतचा कुठलाही गुणांक येण्याची शक्यता सारखीच असते. म्हणजे चार मुलांवरून ०.९ आला काय आणि ०.१ आला काय, दोन्ही तितकेच साहजिक. आमच्याकडे चार-पाच पटाचे वर्ग असलेल्या शाळा आहेत, त्या शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पुढे १९१५ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी यामागचं गणित पूर्ण सिद्ध केलं, आणि चिठ्ठ्या न काढता उत्तर मिळवायची सोय झाली. ते सूत्र असं:

```
t = r × √(n − 2) ÷ √(1 − r²)
```

यात एन म्हणजे मुलांची संख्या. आपल्या उदाहरणात आर ०.५ (चिन्ह बाजूला ठेवू), एन १०. ८ चं वर्गमूळ २.८२८, त्याला ०.५ ने गुणलं की १.४१४. खाली १ वजा ०.२५, म्हणजे ०.७५, त्याचं वर्गमूळ ०.८६६. भागाकार १.६३३. स्वाधीनता मात्रा एन वजा २, म्हणजे ८. तक्त्यात ८ समोर ०.०५ स्तरासाठी २.३०६ आहे. १.६३३ तिथपर्यंत पोहोचत नाही. एक्सेलमध्ये करायचं तर दोन ओळींचं काम आहे:

```
=CORREL(B2:B11, C2:C11)
=T.DIST.2T(1.633, 8)
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर ०.१४ येतं, चिठ्ठ्यांनी सांगितलं तेच. टी-मूल्य तिथे धन लिहायचं, उणे लिहिलं तर एक्सेल चूक दाखवतं.

इथे एक घाई नेहमी होते. ‘सार्थक नाही’ याचं भाषांतर आपण ‘संबंध नाही’ असं करतो. तसं नाही. दहा मुलांची माहिती इतकी तोकडी आहे की खरा गुणांक साधारण −०.८६ पासून +०.१९ पर्यंत कुठेही असू शकतो, असं विश्वास अंतराल काढलं की दिसतं. म्हणजे खूप घट्ट उलटा संबंधही असू शकतो, अजिबात नसूही शकतो. आपल्याला माहीत नाही, इतकंच. कृती संशोधनाच्या अहवालात ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिण्यापेक्षा ‘एवढ्या मुलांवरून सांगता येत नाही’ असं लिहिलेलं जास्त खरं.

आता दुसरं टोक. समजा आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून ४०० मुलांची माहिती गोळा केली आणि गुणांक आला −०.१२. आकडा पुन्हा माझाच. ०.५ च्या तुलनेत हा अगदीच किरकोळ दिसतो. पण सूत्रात टाका. ३९८ चं वर्गमूळ १९.९५, गुणिले ०.१२, म्हणजे २.३९. भागिले १ वजा ०.०१४४ चं वर्गमूळ, म्हणजे ०.९९३. टी-मूल्य २.४१. एवढ्या मोठ्या नमुन्यासाठी हद्द १.९७ ची. पी-मूल्य ०.०१६. सार्थक!

म्हणजे ०.५ नापास आणि ०.१२ पास. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असं वाटून पुन्हा मोजलं होतं. चुकलेलं काही नव्हतं. सूत्राकडे बघा, त्यात दोन गोष्टींचा गुणाकार आहे. एक संबंध किती मोठा, दुसरी मुलं किती. टी-मूल्य दोन्हीतून कुठल्याही एकाने वाढतं. डब्यात चारशे चिठ्ठ्या टाकून पिसल्या तर योगायोगाचे चढउतार एकमेकांना इतके खाऊन टाकतात की गुणांक शून्याच्या अगदी जवळ घोटाळत राहतो, फार तर ०.१ पर्यंत भरकटतो. त्यामुळे ०.१२ सुद्धा डोळ्यात भरतो. दहा चिठ्ठ्यांत मात्र ०.६ पर्यंतची भटकंती रोजची असते.

ढोबळ हद्द लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती आहे: २ भागिले मुलांच्या संख्येचं वर्गमूळ. १० मुलांना ०.६३, १०० मुलांना ०.२, ४०० ना ०.१, आणि १०,००० मुलं असतील तर ०.०२. तेवढा गुणांक ओलांडला की ०.०५ स्तरावर सार्थक. दहा हजार मुलांत ०.०२ सार्थक ठरतो, हे जरा थांबून पुन्हा वाचा. मोठ्या संख्येच्या सर्वेक्षणात जवळजवळ कुठल्याही दोन गोष्टी सार्थक निघू शकतात, कारण खऱ्या जगात नेमका शून्य संबंध क्वचितच असतो. चाळणी इतकी बारीक होते की धुळीचा कणही अडकतो. अडकला म्हणून तो खडा होत नाही.

मग −०.१२ किती मोठा? हे तीन तऱ्हांनी बघू या, कारण एकाने पटत नाही असा माझा अनुभव आहे.

पहिली तऱ्हा पुस्तकातली. गुणांकाचा वर्ग करायचा. ०.१२ चा वर्ग ०.०१४४. म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो (नेमकं सांगायचं तर गुणांचं प्रचरण), त्यातला दीड टक्क्याहूनही कमी भाग मोबाईलच्या मिनिटांशी जोडता येतो. उरलेला साडेअठ्ठ्याण्णव टक्के इतर सगळ्याचा: मागच्या इयत्तेत किती पक्कं झालं, हजेरी, घरी कोण बसतं अभ्यासाला, त्या दिवशी ताप होता का, वगैरे वगैरे.

दुसरी तऱ्हा मला जास्त भावते. समजा गुण १०० पैकी आहेत, सरासरी ६० आणि प्रमाण विचलन १५. एका अनोळखी मुलाचे गुण मी अंदाजाने सांगायचे. काहीच माहीत नसेल तर मी ६० म्हणेन आणि माझा अंदाज साधारण १५ गुणांच्या हिशोबाने चुकेल. आता मला त्या मुलाची मोबाईलची मिनिटं सांगितली. त्यावरून मी अंदाज सुधारला. तरी चूक किती राहते? १५ गुणिले ०.९९३, म्हणजे १४.८९. इतका सगळा खटाटोप करून माझा अंदाज ०.११ गुणाने सुधारला. अर्ध्या गुणाचीही सुधारणा नाही.

तिसरी तऱ्हा पालकांना सांगायला बरी. सरासरीपेक्षा जास्त मोबाईल बघणारी १०० मुलं घ्या. संबंध शून्य असता तर त्यातली ५० मुलं गुणांत सरासरीच्या खाली आणि ५० वर असती. गुणांक −०.१२ असेल (आणि दोन्ही गोष्टींचं वितरण साधारण प्रसामान्य, घंटेच्या आकाराचं असेल) तर सुमारे ५४ खाली आणि ४६ वर. म्हणजे जास्त मोबाईल बघणाऱ्यांतही जवळजवळ निम्मी मुलं सरासरीच्या वरच आहेत. आपल्या समोर उभं असलेलं एक पोर त्या ५४ मधलं की ४६ मधलं, हे हा गुणांक सांगू शकत नाही.

आणि मिनिटांच्या भाषेत? मोबाईलचं प्रमाण विचलन ४० मिनिटं धरलं तर उतार निघतो ४० मिनिटांमागे १.८ गुण, म्हणजे शंभरात दोन गुणही नाहीत. तेही ‘जास्त बघणाऱ्या आणि कमी बघणाऱ्या मुलांमधला फरक’ म्हणून. मोबाईल काढून घेतला की गुण तेवढे वाढतील, असं सहसंबंध कधीच सांगत नाही. तो स्वतंत्र विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

तर ‘सार्थक’ या शब्दाचा अर्थ एवढाच: खरा गुणांक नेमका शून्य असावा हे या आकड्यांशी जुळत नाही. किती, याचं उत्तर त्यात नाही. त्या ४०० मुलांचं विश्वास अंतराल काढलं तर −०.२२ ते −०.०२ येतं. शून्य त्यात नाही, म्हणून सार्थक. पण अंतरालाचं दुसरं टोकसुद्धा ०.२२ पर्यंतच जातं, म्हणजे जास्तीत जास्त धरलं तरी संबंध क्षीणच. पी-मूल्यापेक्षा हे अंतराल मला कितीतरी जास्त बोलकं वाटतं, पण आपल्या अहवालांच्या नमुन्यात त्याला रकानाच नसतो. आणखी एक, पी-मूल्य ०.०१६ म्हणजे ‘संबंध नसण्याची शक्यता १.६ टक्के’ असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. ते चूक आहे. संबंध नाही असं धरून, एवढा आकडा येण्याची शक्यता, असा त्याचा क्रम आहे. चिठ्ठ्यांचा डबा आठवला की गोंधळ होत नाही, कारण डब्यात आपण संबंध आधीच तोडलेला असतो.

क्षीण म्हणजे निरुपयोगी, असंही नाही हं. एखादा उपाय फुकट असेल आणि लाखो मुलांना लागू करायचा असेल तर दोन गुणांचा फरकही जिल्ह्याच्या पातळीवर मोलाचा ठरेल. प्रश्न कोण काय ठरवतंय त्याचा आहे. जिल्ह्याला जे पुरतं ते एका मुलाच्या बाबतीत निर्णय घ्यायला पुरत नाही.

आता जिथे हात पोळतात त्या दोन जागा सांगते.

पहिली जागा माहिती भरताना. आपल्या दहा मुलांतलं शेवटचं मूल बघा, १०० मिनिटं आणि १२ गुण. समजा टाईप करताना १ सुटला आणि १२ ऐवजी २ पडले. एक कळ दाबायची राहिली, बस. आता गुणांची सरासरी ११ होते, गुणाकारांची बेरीज −३० वरून −७० वर जाते, गुणांच्या वर्गांची बेरीज ६० वरून १५० होते. ६० गुणिले १५० चं वर्गमूळ ९४.८७, आणि गुणांक −०.७४. हद्द ०.६३ ची होती. सार्थक! नऊ मुलांची माहिती जशीच्या तशी, एका चुकीच्या आकड्याने निकाल फिरला. हे गुणांक बघून कधीच कळत नाही. कळतं ते आलेख कागदावर ठिपके काढले की. आडवी मिनिटं, उभे गुण, दहा ठिपके. नऊ ठिपके एकत्र आणि एक खाली कोपऱ्यात एकटाच पडलेला दिसला की आधी मूळ उत्तरपत्रिका काढायची. ठिपके वळणावळणाने जात असतील, म्हणजे थोड्या मोबाईलपर्यंत गुण वाढतात आणि नंतर उतरतात असं काही असेल, तेही आलेखातच दिसतं. हा गुणांक फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो, वळणदार संबंध असूनही तो शून्याजवळ येऊ शकतो.

दुसरी जागा ४०० या आकड्यात लपलेली आहे. सूत्र असं धरून चालतं की चारशे मुलं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, जणू चारशे वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेली. केंद्रातल्या दहा शाळांतली चाळीस-चाळीस मुलं तशी नसतात. एका शाळेत एकच शिक्षक, एकच वस्ती, मोबाईलला रेंज असली तर सगळ्यांनाच असते. अशा वेळी एका शाळेतली चाळीस मुलं चाळीस स्वतंत्र साक्षीदारांसारखी नसतात, त्यातले बरेच जण एकच गोष्ट पुन्हा सांगत असतात. म्हणजे खरी माहिती चारशेची नाही, त्याहून कमी मुलांची. मुलांची संख्या जास्त धरली की टी-मूल्य फुगतं. समजा त्या चारशेंची किंमत दोनशे स्वतंत्र मुलांएवढीच भरली, तर हद्द ०.१४ वर जाते आणि आपला ०.१२ नापास होतो. तपासायचा साधा मार्ग म्हणजे प्रत्येक शाळेचे ठिपके वेगळ्या रंगाने काढायचे. प्रत्येक रंगाचा स्वतंत्र पुंजका दिसला आणि पुंजक्याच्या आत काहीच कल नसला, तर आपण मोबाईल आणि गुण यांचा संबंध मोजलेलाच नाही, शाळा-शाळांमधला फरक मोजलाय.

(आणि एक धावती सूचना: प्रश्नावलीत वीस गोष्टी विचारून प्रत्येकीचा गुणांशी सहसंबंध काढला, तर एकीचाही खरा संबंध नसताना सरासरी एक ‘सार्थक’ निघते. वीसपैकी एक म्हणजेच ०.०५. मग अहवालात ती एकच लिहायची आणि एकोणीस गाळायच्या, हे मी होताना पाहिलंय.)

हल्ली मी अहवालात एकच वाक्य लांब लिहिते. ‘मोबाईलचा वापर आणि गुण यांत सार्थक सहसंबंध आढळला’ याऐवजी: ‘४०० मुलांत सहसंबंध गुणांक −०.१२ आला (विश्वास अंतराल −०.२२ ते −०.०२, पी-मूल्य ०.०१६). संबंध शून्याहून वेगळा दिसतो पण क्षीण आहे, गुणांच्या प्रचरणातला सुमारे १.४ टक्के भागच त्याच्याशी जोडता येतो. मुलं दहाच शाळांतली असल्याने पी-मूल्य प्रत्यक्षात याहून मोठं असू शकतं.’ तपासणाऱ्या साहेबांनी एकदा विचारलं, “एवढं कशाला?” मी म्हटलं, साहेब, यातला गुणांक गाळला तर उरलेल्या वाक्यावरून तुम्हाला ०.१२ होता की ०.९, कळेल का? ते हसले आणि सही केली.

त्या आईला मी हे सगळं सांगितलं नाही. पाटीवर मिनिटं लिहिली, दहा चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या आणि तिच्याकडूनच पाच-सहा वेळा पिसून घेतल्या. दुसऱ्याच खेपेला जास्त मोबाईलवाल्यांखाली मोठे गुण येऊन पडले. “हे तर उलटंच झालं की!” ती म्हणाली. मग ५४ आणि ४६ चा हिशोब सांगितला, आणि मुलाची वही उघडून दाखवली. त्याचं अडलं होतं हातच्याच्या वजाबाकीत. शून्यातून हातचा घेताना तो दर वेळी एकच चूक करत होता. मोबाईल किती वेळ द्यायचा ते तिने घरी ठरवायचं, झोपेसाठी आणि डोळ्यांसाठी तो कमी केला तर चांगलंच आहे. वजाबाकीसाठी मात्र आम्ही दोघींनी मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं ठरवली.